दह्यावरच्या पाण्याचा रंग कसा लिहायचा

जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी होतो आणि अल्कलीत हिरवा होतो, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी पाठ केलेलं असतं. वाक्य बरोबरच आहे. पण त्यात दोनच टोकं आहेत, आणि घरातल्या बहुतेक गोष्टी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात. दह्यावरचं पाणी, बोअरचं पाणी, खायचा सोडा, अंगाचा साबण, हे सगळं त्या मधल्या पट्ट्यात येतं, आणि तिथे जास्वंद जे काही करते त्याला गुलाबीही म्हणता येत नाही आणि हिरवाही. मग मुलं रिपोर्टात काय लिहितात? "रंग बदलला." "थोडा फिकट झाला." "काही फरक नाही."

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे अशी वाक्यं वाचायची मला सवय आहे, पण यंदा माझ्या भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला आणि ती सुट्टीत माझ्याकडेच राहायला होती, तेव्हा सगळा प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्यावर करता आला. तिला खरं तर जांभळा कोबी हवा होता, व्हिडिओंमधे सगळीकडे तोच असतो. पण आमच्या गावच्या मंडईत तो रोज मिळत नाही आणि अंगणात देशी लाल जास्वंद भरभरून फुललेली होती, म्हणून मुख्य अर्क जास्वंदीचा केला आणि नंतर पुण्याहून येताना तिच्या आईने कोबी आणला तेव्हा तुलनेसाठी त्याचाही केला. हे बरंच झालं म्हणायचं, कारण रंग नीट लिहायला शिकायचं असेल तर जास्वंद कोबीपेक्षा जास्त अवघड आहे आणि त्यामुळे जास्त शिकवते.

आधी अर्काबद्दल सांगते, कारण रंगाचा निम्मा घोळ तिथेच होतो. फक्त लाल पाकळ्या घ्यायच्या, खालचा हिरवा भाग आणि मधला पिवळ्या परागांचा दांडा काढून टाकायचा. पिवळी किंवा पांढरी जास्वंद चालत नाही, तिच्यात हे लाल रंगद्रव्य नसतं. साधारण १० ग्रॅम पाकळ्या, बारीक तुकडे करून, १०० मिली गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायच्या. पाणी उकळतं नको, बोट घालवणार नाही इतपत गरम पुरे, कारण हे रंगद्रव्य जास्त उष्णतेने मोडतं. पाकळ्या पांढुरक्या पडल्या की झालं. जास्वंदीला चिकटा असतो, केसांना लावतात ते त्यासाठीच, आणि तो चिकटा गाळताना फार त्रास देतो, थेंब थेंब पडत बसतो. मलमलच्या कापडातून दोनदा गाळलं आणि रात्रभर फ्रीजमधे ठेवून वरचं नितळ ओतून घेतलं की काम होतं. पाण्याऐवजी स्पिरिटमधे पाकळ्या भिजवल्या तर चिकटा फारसा उतरत नाही, पण मग ते भांडं गॅसजवळ न्यायचं नाही, नुसतं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, तेही गॅस बंद करून.

आता पाणी कुठलं? इथे आमच्याकडचं बोअरचं पाणी वापरलं तर अर्क सुरुवातीलाच निळसर-राखाडी निघतो. या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली किती ते सांगणारा आकडा, ७ च्या वरच असतो, म्हणजे अल्कलीकडे, आणि ते तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आणखी चढतो, म्हणजे अर्क करता करताच आपण अर्काची अल्कलीशी गाठ घालून देतो. नंतर मुलं लिहितात "जास्वंदीचा मूळ रंग राखाडी", आणि ते जास्वंदीचं वर्णन नसून त्या गावच्या पाण्याचं वर्णन असतं. गॅरेजमधे बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळते ती आणावी. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. लोखंडी कढई आणि अॅल्युमिनियमचं पातेलं नकोच, कारण हे रंगद्रव्य लोह आणि अॅल्युमिनियमच्या आयनांना धरतं आणि निळं-काळपट पडतं, त्याचा पीएचशी काही संबंध नसतो. असा नीट केलेला अर्क आमच्याकडे जांभळट लाल निघाला, काचेच्या ग्लासात उजेडासमोर धरला तर पारदर्शक.

मग भाचीने नळ्यांमधे लिंबाचा रस, पांढरं व्हिनेगर, दह्यावरचं पाणी, नळाचं पाणी, खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि खायच्या चुन्याची निवळी घेतली. प्रत्येकी ५ मिली, आणि प्रत्येकात अर्काचे दहा थेंब. थेंब सगळीकडे सारखेच, हे मी तिला बजावून सांगितलं होतं, कारण थेंब कमी-जास्त झाले की रंगाचा गडदपणा बदलतो आणि मग कुठला फरक पीएचचा आणि कुठला थेंबांचा हे सांगता येत नाही. लिंबात झकास गुलाबी, चुन्यात हिरवा, तिला भारी वाटलं. आणि मग ती दह्याच्या नळीपाशी अडकली.

"मावशी, यात काहीच झालं नाही. काही फरक नाही असं लिहू का?"

मी तिला म्हटलं, नळीत दहा थेंब अर्क टाकलास ना, तो जांभळट लाल होता ना, मग तो गेला कुठे? नळीत जवळजवळ रंगच नाहीये म्हणजे काहीतरी झालंय की. "काही फरक नाही" याचा अर्थ अर्क जसा होता तसा दिसतोय, आणि इथे तर अर्क दिसेनासा झालाय.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून त्यावर थोडं थांबते. जास्वंदीतलं रंगद्रव्य अँथोसायनिन गटातलं, त्यातलं सायनिडिन, साखरेच्या दोन रेणूंना जोडलेलं. तीव्र आम्लात, म्हणजे पीएच साधारण ३ च्या खाली, त्याच्यावर धन भार असतो आणि ते लाल-गुलाबी दिसतं. आम्ल सौम्य व्हायला लागलं, पीएच ४ ते ६ च्या आसपास आला, की पाण्याचा एक रेणू रंगद्रव्याच्या रेणूतल्या अणूंच्या कड्याला येऊन चिकटतो आणि ज्या रचनेमुळे रंग दिसतो ती रचनाच तुटते. रेणू तिथेच असतो, फक्त बेरंग झालेला असतो. त्याच्याही वर, ७ च्या आसपास आणि पुढे, जे रेणू अजून रंगीत आहेत ते प्रोटॉन सोडून जांभळे-निळे होतात, आणि अल्कली आणखी तीव्र झाली की कडं उघडून पिवळा पदार्थ तयार व्हायला लागतो. निळा आणि पिवळा एकाच नळीत असला की डोळ्याला हिरवा दिसतो. म्हणजे तो शाळेतला "हिरवा" हा एका पदार्थाचा रंग नाही, दोन अवस्थांचं मिश्रण आहे, आणि त्याचा त्रास पुढे येतोच.

जांभळ्या कोबीतही सायनिडिनच असतं, पण त्याला साखरेबरोबर आणखी काही आम्लांचे गट जोडलेले असतात, ते त्या कड्यावर घडी घालून बसतात आणि पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. म्हणून कोबीचा अर्क ४ ते ६ च्या पट्ट्यात बेरंग न होता गुलाबीसर जांभळा राहतो आणि लोकांना सगळ्या पीएचला सलग रंगांची पट्टी मिळते. म्हणूनच व्हिडिओवाले कोबी घेतात. जास्वंदीत मधेच एक फिकट खड्डा आहे, आणि दही नेमकं त्या खड्ड्यात पडतं, दह्याचा पीएच ४ ते साडेचारच्या आसपास असतो.

आता नुसतं "फिकट" लिहिलं तर वाचणाऱ्याला दोन शक्यता दिसतात, एक म्हणजे अर्कच पातळ होता किंवा थेंब कमी पडले, आणि दुसरी म्हणजे रंगद्रव्य आहे पण बेरंग अवस्थेत आहे. या दोन्हीतला फरक डोळ्याने कळत नाही, पण करून बघता येतो. त्याच नळीत लिंबाचा रस टाकायचा आणि जरा थांबायचं, एक-दोन मिनिटं. तो पाण्याचा रेणू सुटायला वेळ लागतो, म्हणून टाकल्या टाकल्या निर्णय द्यायचा नाही. दह्याच्या नळीत गुलाबी रंग हळूहळू वर येत गेला आणि शेवटी जवळजवळ लिंबाच्या नळीइतका झाला, भाची नळी खिडकीशी धरून बघत बसली होती. म्हणजे रंगद्रव्य पूर्ण होतं. अर्क खरंच कमी पडला असता तर लिंबानेही तो इतका गडद झाला नसता. मग तिने जे लिहिलं ते असं: "दह्यावरचं पाणी, किंचित गढूळ, अर्क टाकल्यावर अगदी फिकट गुलाबी, १० मिनिटांनी आणखी फिकट, लिंबाचा रस टाकल्यावर २ मिनिटांत गडद गुलाबी." हे वाक्य "काही फरक नाही" पेक्षा लांब आहे, पण यातून दुसऱ्या कोणालाही कळतं की नळीत काय घडलं.

किंचित गढूळ हा शब्दही मी मुद्दाम ठेवायला लावला. रंग आणि पारदर्शकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बारावीपर्यंत मुलं त्या एकात एक करत राहतात, "रंग: पारदर्शक" असं सर्रास लिहितात. लिंबाची नळी गडद गुलाबी होती आणि पारदर्शकही होती, मागच्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती. दुधात अर्क टाकला तर ते अपारदर्शक राहील, त्याला जो काही रंग येईल तो पांढऱ्यात मिसळूनच दिसेल, आणि फिकट दिसला तर तो पीएचमुळे की दुधामुळे हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक नळी अर्काशिवाय ठेवायची, अर्काच्या जागी तितकेच थेंब डिस्टिल्ड वॉटर. लिंबाचा रस स्वतःच पिवळसर असतो, चहा तपकिरी असतो, आणि कोकम सरबत तर घेऊच नये, कारण कोकमाचा लाल रंग हाही अँथोसायनिनचाच, म्हणजे नमुना स्वतःच इंडिकेटर असतो. (कोकमाच्या आगळात सोडा टाकून बघा कधी, वेगळा प्रयोग म्हणून छान आहे.)

आता रंगाच्या नावांकडे येऊ. भाचीने पहिल्या कच्च्या रिपोर्टात नळाच्या पाण्याच्या नळीला "जांभळा" लिहिलं होतं, तिच्या आईने तीच नळी बघून "राखाडी" म्हटलं, आणि मला विचाराल तर फिकट निळसर. तिघीही खरं सांगत होतो. ताई बघत होती तेव्हा नळी पिवळ्या बल्बखाली होती, भाचीने ती लिंबाच्या गुलाबी नळीशेजारी धरून बघितली होती, आणि मी खिडकीत. पिवळ्या उजेडात निळा आणि जांभळा दोन्ही मळके दिसतात, आणि शेजारी गडद गुलाबी असला की फिकट रंगाची छटा डोळ्याला वेगळीच वाटते. अशा वेळी आमसुली, मोरपंखी, वांगी कलर असे शब्द आणून उपयोग नाही. साडीच्या दुकानात ते अगदी अचूक असतात कारण दोघांच्यासमोर साडी असते, पण रिपोर्ट वाचणाऱ्याच्यासमोर नळी नसते.

मग वाचणाऱ्यासमोर काय ठेवायचं? माझं म्हणणं असं की रंगाचं नाव कितीही विचार करून निवडलं तरी ते पुरत नाही, शेजारी तुलनेची नळी हवी. कॉलेजच्या लॅबमधून मी पीएच ४, ७ आणि ९.२ च्या बफरच्या गोळ्या आणल्या, लॅबच्या सामानाच्या दुकानात त्या मिळतात, एक गोळी ठरलेल्या पाण्यात विरघळवली की त्या पीएचचं द्रावण तयार. आम्लाच्या टोकाला मी लॅबमधेच करून आणलेलं ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच २, आणि अल्कलीच्या टोकाला चुन्याची संपृक्त निवळी, तिचा पीएच २५ अंशांना १२.४ च्या आसपास असतो. मात्र निवळी ताजी आणि झाकलेली हवी, उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन वर पांढरी साय धरते आणि पीएच उतरतो. या पाच नळ्या, त्यातही ५ मिली आणि त्याच अर्काचे दहाच थेंब, त्याच वेळी. अर्क दुसऱ्या दिवशीचा असेल तर संदर्भाच्या नळ्याही दुसऱ्या दिवशी नव्याने करायच्या, कारण जास्वंदीचा अर्क फ्रीजमधेसुद्धा हळूहळू उतरतो आणि काही दिवसांत आंबतो.

ही पद्धत काही नवी नाही. वनस्पतींच्या रंगाने आम्ल-अल्कली ओळखणं रॉबर्ट बॉयलने १६६४ मधे लिहून ठेवलं, तो व्हायोलेटच्या फुलांचं सरबत वापरायचा, आम्लात लाल आणि अल्कलीत हिरवं. पण लाल म्हणजे किती आम्ल, हे त्याला सांगता येत नव्हतं. पीएच ही कल्पना आणली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सोरेनसेनने, १९०९ मधे, आणि त्याने विजेच्या मोजणीबरोबरच रंगाची पद्धतही दिली, ज्यात माहीत असलेल्या बफरमधल्या इंडिकेटरचा रंग आणि नमुन्यातला रंग शेजारी ठेवून जुळवायचे. म्हणजे रंगाला नाव देण्याऐवजी त्याची जागा सांगायची. आम्ही ओट्यावर तेच करत होतो.

पाच संदर्भ नळ्या एका ओळीत, मागे पांढरा कागद, उजेड खिडकीचा पण थेट ऊन नाही. मागचा कागद नुसता पार्श्वभूमी म्हणून ठीक आहे, पण झेरॉक्सच्या कागदावर थेंब टाकून रंग बघू नका, त्या कागदात बहुतेक वेळा खडूची पूड भरलेली असते आणि ती अल्कली असल्यामुळे थेंब आपोआप निळा-हिरवा होतो. पट्ट्या करायच्याच असतील तर फिल्टर पेपर घ्या. आमच्या अर्कात संदर्भाच्या नळ्या अशा दिसल्या: २ ला गडद गुलाबी, ४ ला अगदी फिकट गुलाबी, ७ ला फिकट राखाडी-जांभळा, ९.२ ला मध्यम निळसर हिरवा, आणि १२.४ ला हिरवा. वर्णनात तीन गोष्टी सांगायच्या असतात बघा, रंग कुठला, तो किती गडद किंवा फिकट, आणि स्वच्छ की मळका. राखाडी-जांभळा म्हणजे मळका जांभळा. या तीन गोष्टी सांगितल्या की उपमांची गरज राहत नाही.

मग नळाचं पाणी. भाचीने ती नळी ७ आणि ९.२ च्या मधे धरली, आणि लिहिलं: "फिकट निळसर, ७ च्या संदर्भ नळीपेक्षा जास्त निळा, ९.२ पेक्षा कमी हिरवा आणि जास्त फिकट." इथे थांबायचं. तिला खाली "म्हणून पीएच ८.१" लिहायचा मोह झाला होता, तो मी खोडला. जास्वंदीत डोळ्याने फार तर एक पीएचचा फरक सांगता येतो, आणि ४ ते ६ च्या फिकट खड्ड्यात तर तेवढाही नाही. "७ आणि ९.२ च्या मधे" हे प्रामाणिक उत्तर आहे, ८.१ हा आकडा त्या नळीतून निघतच नाही. शिवाय पीएच हा निष्कर्ष आहे, तो निरीक्षणाच्या रकान्यात नकोच. "द्रावण आम्लधर्मी झाले" असं निरीक्षण नसतं, डोळ्याला आम्लधर्म दिसत नाही, रंग दिसतो.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने करायला लावली. ताईने नळ्यांवर नावांऐवजी नुसते आकडे चिकटवले, कुठल्या आकड्यात काय आहे ते तिलाच माहीत, आणि भाचीने आणि मी वेगवेगळं बसून रंग लिहिले. कारण समोर खायचा सोडा आहे हे माहीत असलं की डोळा त्यात हिरवा शोधायला लागतो. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच ८.३ च्या आसपास असतो, म्हणजे ९.२ च्या बराच अलीकडे, आणि नाव माहीत असताना भाचीने त्याला "हिरवा" लिहिलं होतं. नाव न कळता तिने तीच नळी नळाच्या पाण्याच्या नळीशेजारी नेऊन ठेवली आणि "निळसर, किंचित हिरव्याकडे" असं लिहिलं. मीही जवळपास तेच लिहिलं होतं. जिथे आमचं जुळलं नाही तिथे दोघींची वर्णनं रिपोर्टात ठेवली, कोणाचं खोडलं नाही.

आता त्या हिरव्याचा त्रास. चुन्याच्या नळीत अर्क टाकल्यावर लगेच हिरवा दिसला, आणि आम्ही बाकीच्या नळ्या लिहून परत येईपर्यंत ती नळी पिवळट झालेली. धुण्याच्या सोड्याची नळीही त्याच वाटेवर, फक्त जरा सावकाश. तीव्र अल्कलीत निळी अवस्था टिकत नाही, ती मोडत जाते आणि पिवळा उरतो, म्हणजे हिरवा हा एका वाटेवरचा टप्पा आहे. कोबीतही हेच होतं. त्यामुळे इथे वेळ लिहिल्याशिवाय रंग लिहिण्याला अर्थ नाही. एक मुलगी पहिल्या मिनिटाला बघते आणि हिरवा लिहिते, दुसरा अर्ध्या तासाने बघतो आणि पिवळा लिहितो, दोघांचे निष्कर्ष वेगळे निघतात आणि भांडण होतं. आम्ही १ मिनिट, १० मिनिटं आणि ३० मिनिटं असे रकाने केले. शिवाय परतीची चाचणी: दोन सारख्या चुन्याच्या नळ्या घेऊन एकीत मिनिटभरातच व्हिनेगर टाकलं, रंग हिरव्यावरून चांगला गुलाबी झाला. दुसरीत अर्ध्या तासाने तितकंच टाकलं, तर गुलाबी आला पण फिका आणि तपकिरीकडे झुकलेला. म्हणजे मधल्या वेळात रंगद्रव्याचा काही भाग कायमचा गेला. रंग बदलणं आणि रंगद्रव्य नष्ट होणं हे वेगळं आहे, आणि ते असंच ओळखता येतं.

याच कारणाने ब्लीचिंगचं पाणी या प्रयोगात घेऊ नका. ते रंगद्रव्याचं ऑक्सिडेशन करून रंग घालवतं, पीएच दाखवत नाही, आणि वर सांगितलेली परतीची चाचणी त्याच्यावर केली तर ब्लीच आणि आम्ल एकत्र येऊन क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत गेला तर धोक्याचा. टॉयलेट क्लीनरही नको. चुन्याची निवळी आणि धुण्याचा सोडा डोळ्यात उडता कामा नये, एवढी काळजी घेतली की बाकी सगळं ओट्यावर करण्यासारखं आहे.

भाचीच्या गटात एक मुलगा आहे, त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. पुरुषांमधे साधारण बारात एकाला हे कमी-जास्त असतं, म्हणजे वर्गात एखादा असणारच, आणि त्याला प्रयोगातून बाजूला बसवणं मला अजिबात मान्य नाही. त्याच्यासाठी म्हणून आम्ही फोनचा कॅमेरा आणला, आणि तो मग सगळ्यांनाच उपयोगी पडला. संदर्भाच्या आणि नमुन्याच्या सगळ्या नळ्या एकाच फोटोत घ्यायच्या, कारण कॅमेरा प्रत्येक फोटोला पांढऱ्याचा तोल स्वतःच बदलतो आणि दोन वेगळ्या फोटोंतले आकडे जुळवता येत नाहीत. फ्लॅश बंद. मग फोटो एडिटिंगच्या अॅपमधे रंग उचलायचं जे ड्रॉपर असतं त्याने नळीच्या मधोमध, चमक पडलेली जागा टाळून, लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे मिळतात, आणि त्यावरून छटेचा कोन, म्हणजे रंगांच्या गोल चकतीवर तो रंग कुठे बसतो ते, ० ते ३६० अंश. उदाहरण सांगायचं तर लाल १५०, हिरवा ९०, निळा १७० असेल तर कोन २८५ अंश, म्हणजे जांभळा.

त्या मुलाने हे काम फार नीट केलं, आणि एक विचित्र गोष्ट त्यालाच सापडली. लिंबाच्या नळीत त्याने तीन ठिकाणी मोजलं, ३५४, २ आणि ३५८ अंश, आणि सरासरी काढली तर आली २३८. २३८ म्हणजे स्वच्छ निळा. गुलाबी नळी, तीनही वाचनं गुलाबीची, आणि सरासरी निळी. कारण छटा गोल फिरते, ३६० आणि ० एकच जागा आहे, तिथे साधी सरासरी चालत नाही, ३५४ ला उणे ६ आणि ३५८ ला उणे २ धरायचं, मग सरासरी उणे २ येते, म्हणजे ३५८. लाल-गुलाबी नेमका त्या सांध्यावर बसतो, त्यामुळे या प्रयोगात हा घोटाळा हमखास होणार.

आणि फिकट नळ्यांना छटेचा कोन लिहायचाच नाही. दह्याच्या नळीचे तीनही आकडे एकमेकांच्या इतके जवळ होते की त्यातला एक दोन-तीनने बदलला तरी कोन वीसेक अंशांनी उडत होता. तिथे छटा सांगण्याइतका रंगच नाही. आम्ही त्या रकान्यात लिहिलं: "छटा मोजण्याइतका रंग नाही, पीएच ४ च्या संदर्भ नळीपेक्षा वेगळी ओळखता आली नाही, लिंबाच्या रसाने गुलाबी परत आला." प्रदर्शनात परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं की मग दह्याचा पीएच किती, आणि भाचीने सांगितलं की जास्वंदीने एवढंच कळतं, तो ३ च्या वर आहे आणि ७ च्या खाली, याहून बारीक हवं असेल तर कोबी घ्यावा लागेल, आणि शेजारी ठेवलेली कोबीची नळी उचलून दाखवली, गुलाबीसर जांभळी, ४ च्या नळीला जवळजवळ जुळणारी.